दहा अंकी उत्तर कसे काढावे

(अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना रात्री साडेदहाला गणित समजावणाऱ्या पालकांसाठी)

ग्रुपवर फोटो आला आहे. तांब्याची तार मीटरपट्टीवर ठेवलेली, तिचे टोक 95 सेंटिमीटरच्या रेघेवर. शेजारी स्क्रूगेजमध्ये पकडलेली तीच तार. खाली प्रश्न: तारेचे आकारमान घनमीटरमध्ये, योग्य सार्थ अंकांत काढा. 'योग्य' या शब्दाकडे दुर्लक्ष करून कामाला लागावे.

पायरी 1. फोटो मोठा करू नये. स्क्रूगेजच्या मुख्य पट्टीवर शून्याच्या पुढे अर्ध्या मिलिमीटरची एक रेघ उघडी पडलेली असते. ती आडव्या रेषेच्या खालच्या बाजूला असल्याने अंगठ्याच्या सावलीत सहज हरवते. चक्राकार पट्टीवर तिसरी रेघ जुळते आहे, लघुतम माप 0.01 मिमी, म्हणजे व्यास 0.03 मिमी लिहून मोकळे व्हावे. ही तार डोक्यावरच्या केसाहूनही बारीक निघाली, अशी शंका आली तर मात्र नाइलाज आहे. मग फोटो मोठा करून अर्ध्या मिलिमीटरची रेघ शोधावी लागते आणि व्यास 0.53 मिमी मिळतो. जबडे मिटलेले असतानाचा फोटो दिलेला नसेल, तर शून्य त्रुटी नाही असे मानायचे. तेवढे एक वाक्य उत्तरात लिहिणे मात्र फारच प्रामाणिकपणाचे होईल.

पायरी 2. शून्यांना सारखीच वागणूक द्यावी. लांबी '95 सेमी' लिहावी, शेवटचे शून्य शाई वाचवण्यासाठी सोडावे. पट्टी मिलिमीटरपर्यंत मोजते, म्हणून 95.0 मधले शून्य प्रत्यक्ष वाचलेले असते आणि सार्थ अंक तीन होतात, असे कटकटे लोक सांगतात. तेच लोक 0.00053 मीटरमधल्या पुढच्या सगळ्या शून्यांना मात्र किंमत देत नाहीत. ती फक्त दशांश चिन्हाची जागा सांगतात, सार्थ अंक दोनच, असे म्हणतात. लांबी मिलिमीटरमध्ये नेली की 950 होते आणि त्यातले शून्य मोजलेले की भरतीचे, हे कोणालाच कळत नाही. हा घोळ टिकवायचा असेल तर 9.50 × 10² मिमी असे चुकूनही लिहू नये. दहाच्या घातात लिहिले की संशयाला जागाच उरत नाही.

पायरी 3. वाटेतच राउंड करावे. ही सर्वांत परिणामकारक पायरी आहे. त्रिज्या 0.265 मिमी येते. व्यासाला दोनच सार्थ अंक होते, म्हणून तिला तिथेच दोन अंकांवर आणावे. पाच आला की वर जाणारे 0.27 करतात आणि त्यांचे आकारमान 2.2 × 10⁻⁷ घनमीटर येते. पाचच्या आधीचा अंक सम ठेवणारे 0.26 करतात आणि त्यांचे उत्तर 2.0 × 10⁻⁷ येते. आता ग्रुपमध्ये दोन्ही पक्षांना मध्यरात्रीपर्यंत भांडता येते. त्रिज्येला हात न लावता पुढे जाणाऱ्याला 2.0958… मिळते आणि तो शेवटी एकदाच राउंड करून 2.1 × 10⁻⁷ लिहितो. म्हणजे दोन्ही पक्ष नियम पाळूनच चुकलेले असतात. व्यासाला भागणारा 2 मोजलेला नसून सूत्रातला आहे, त्यामुळे तो सार्थ अंकांच्या हिशेबात धरत नाहीत, हेही त्यांना सांगू नये.

पायरी 4. कॅल्क्युलेटरचा अपमान करू नये. त्याने 2.095874269 × 10⁻⁷ दाखवले, तर सगळे उतरवावे. व्यासात 0.01 मिमीची अनिश्चितता आहे, म्हणजे सुमारे दोन टक्के. सूत्रात व्यासाचा वर्ग होतो, म्हणून आकारमानात ती चार टक्क्यांच्या आसपास जाते. चार टक्के म्हणजे इथे साधारण 0.08 × 10⁻⁷. तेव्हा 2.1 मधला 1 हाच डळमळता आहे. त्याच्यामागचे आठ अंक कॅल्क्युलेटरच्या मनाचे आहेत. लांबीचे तीन सार्थ अंक इथे कामी येत नाहीत, कारण गुणाकारात ज्याचे सार्थ अंक सर्वांत कमी, त्याचेच चालते.

पायरी 5. शेवटी शोभेचे शून्य लावावे. 2.1 फार ओकेबोके दिसते म्हणून 2.10 करावे. त्या एका शून्याने आपण दहापट बारीक मोजल्याचा दावा करतो. तपासणाऱ्याने पुरावा मागेपर्यंत त्याचा आनंद घ्यावा.

ज्यांना दहा अंक नकोत, मार्क हवेत, त्यांनी एवढेच करावे: मापे उपकरणाच्या लघुतम मापापर्यंत वाचावीत, मधले सगळे अंक कॅल्क्युलेटरमध्येच ठेवावेत आणि अखेरीस एकदाच राउंड करून 2.1 × 10⁻⁷ घनमीटर लिहावे. आणि तिसरा अंक खरोखरच हवा असेल, तर कॅल्क्युलेटर बदलू नये, स्क्रूगेज बदलावे.