मी चहा ____

माझ्या व्याकरणाची घरात एरवी कुणाला गरज पडत नाही. चुलतभावाच्या लग्नपत्रिकेतला ‘आशिर्वाद’ मी खोडून ‘आशीर्वाद’ केला, तेव्हा ‘छापून झाल्यात’ एवढंच उत्तर मिळालं. त्यामुळे ठाण्याहून बहिणीने भाचीच्या मराठीच्या स्वाध्यायाचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली ‘दादा, अर्जंट’ असं लिहिलं, तेव्हा माझी छाती नको तितकी फुगली. दाढी अर्धवट टाकून मी चष्मा शोधला. व्याकरणाला अर्जंट म्हणणारं माणूस आयुष्यात किती वेळा भेटतं?

भाची इंग्रजी माध्यमात, सहावीत. स्क्रीनशॉट नेहमीसारखाच: वरच्या ओळीची मान कापलेली, उजवीकडे ‘बॅटरी कमी आहे’ची पट्टी, आणि मधोमध रिकाम्या जागा. सूचना अशी, की कंसातल्या क्रियापदाचं भूतकाळी रूप भरा आणि प्रत्येक उत्तराचा नियम एका ओळीत लिहा. ‘एका ओळीत’ या शब्दांकडे मी हवं तेवढं लक्ष दिलं नाही. मी मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ खाली काढलं. केशवसुतांच्या या सख्ख्या भावाने १९११ साली काढलेला हा ग्रंथ आमच्याकडे उशीच्या जाडीचा आहे, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा त्याच कामी येतो. सहावीच्या स्वाध्यायाला त्याची काही गरज नव्हती. पण व्हिडिओ कॉलवर तो माझ्यामागे दिसायला हवा होता.

‘ताईने पोळी ____ (भाजणे).’ हे कुणालाही येतं: भाजली. पण नियम काय? भाचीला म्हटलं, वाक्य हलवून बघ. पोळीच्या जागी पापड ठेव. ‘भाजला’. वांगं ठेव. ‘भाजलं’. आता पोळी परत आण आणि ताईला उठवून तिथे दादाला बसव. ‘दादाने पोळी भाजली.’ क्रियापद ढिम्म. म्हणजे ते कर्माचं ऐकतं, कर्त्याचं नाही. कर्मणी प्रयोग.

‘शिपायाने चोराला ____ (पकडणे).’ पुन्हा हलव. चोराला, चोरटीला, चोरांना, शिपायाने, शिपाईणबाईंनी. काहीही कर, ‘पकडले’ जागचं हलत नाही. हा भावे. खरी गंमत त्या ‘ला’मध्ये आहे. ‘शिपायाने चोर पकडला’ म्हटलं तर क्रियापद चोराच्या मागे जातं. चोराला ‘ला’ चिकटला, की ते कुणाच्याच मागे जात नाही. आता मराठीत ‘आईने मुलीला शाळेत घातली’ असंही म्हणतात, ‘ला’ लागूनही क्रियापद मुलीच्या मागे जातं, आणि व्याकरणाच्या पुस्तकांनी त्याची कर्म-भाव संकर नावाची वेगळी सोय केलेली आहे. हे सगळं मी सविस्तर सांगायला घेतलं तोच पलीकडून आवाज आला, “मामा, ओळ सांग ना.”

मी ओळ सांगितली. तिने ती लिहिली. दामले मागे दिसत होते.

मग आलं ते वाक्य: ‘मी चहा ____ (पिणे).’

इथे मला थांबवायला कुणीतरी हवं होतं. बहीण स्वयंपाकघरात होती आणि भाचीला मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडायचं नाही असे संस्कार आहेत, त्यामुळे माझं फावलं.

ताईच्या पोळीचा नियम इथे लावून बघा. सकर्मक क्रियापद, भूतकाळ, म्हणून क्रियापदाने कर्माच्या मागे जावं. चहा पुल्लिंगी. म्हणजे ‘मी चहा प्याला’. असं कोण म्हणतं? आपण म्हणतो ‘मी चहा प्यालो’, किंवा ‘प्यायलो’. आता चहाच्या जागी कॉफी ओता, दूध ओता, ताक ओता, ‘प्यालो’ तसंच. पण पिणारा बदला. तो प्याला, ती प्याली, ते प्याले. इथे क्रियापद चक्क कर्त्याचं ऐकतंय. ताईची पोळी खाताना जे क्रियापद पोळीच्या आज्ञेत असतं, ते चहाच्या घोटाला एकदम माणसाच्या आज्ञेत येतं.

मुळात भूतकाळात क्रियापदाने कर्माचं का ऐकावं, हे आधी बघावं लागतं. आपलं ‘खाल्ले’, ‘भाजली’ हे संस्कृतातल्या कर्मणी धातुसाधितांच्या वंशातलं. ‘रामेण फलं खादितम्’, म्हणजे रामाकडून फळ खाल्लं गेलेलं. वाक्याचा मालक फळ, राम नुसता साधन. त्यातूनच ‘रामाने फळ खाल्ले’ आलं, आणि ‘ने’ लागलेला राम आजही क्रियापदाला हुकूम देऊ शकत नाही. एवढा इतिहास असलेल्या घरात पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे, समजणे अशी थोडी क्रियापदं मात्र बंडखोर. मी कविता शिकलो. मी चावी विसरलो. मी खोटं बोललो. कविता, चावी, खोटं यांपैकी कुणालाही त्या वाक्यात मत नाही.

माझं लाडकं उदाहरण तर जेवणाचं. ‘मी वरणभात खाल्ला’, पण ‘मी वरणभात जेवलो’. ताट तेच, भात तोच, लिंबाची फोडही तीच. खाताना भाताची सत्ता, जेवताना माझी. मी यावर एक तर्क लढवला, की ज्या क्रियेने करणारा स्वतःच बदलतो, काहीतरी त्याच्या आत जातं नाहीतर डोक्यातून निसटतं, तिथे क्रियापद करणाऱ्याकडे वळतं. जेवलेला माणूस वेगळा, शिकलेला वेगळा, विसरलेला तर फारच वेगळा. तर्क मला इतका आवडला की मी तो दोनदा सांगितला. मग भाची म्हणाली, “पण खाल्लेलंपण आतच जातं ना?” हा प्रश्न मी दामल्यांच्या पाठीवर थाप मारून पुढे ढकलला.

आणि ‘म्हणणे’ तर दोन्हीकडे हजेरी लावतं. ‘तो म्हणाला’, पण ‘त्याने गाणं म्हटलं’. त्यात समोरच्याशी बोलताना ‘तू गाणी म्हटलीस’ झालं, की ‘म्हटली’ गाण्यांची आणि शेवटचा ‘स’ तुझा. क्रियापद एकाच वेळी दोन्ही मालकांना मुजरा करतं. यालाही संकर म्हणतात, कर्तृ-कर्म संकर. मराठवाड्याकडचे माझे ऑफिसातले मित्र ‘चहा पिलो’ म्हणतात, आणि ‘पिलो’ की ‘प्यालो’ यावर आम्ही इतका वेळ घालवलेला आहे की चहा दर वेळी गार झाला. घरात असं भांडण नको म्हणून शहाणी माणसं ‘मी चहा घेतला’ म्हणून सुटतात. ‘घेणे’ सरळमार्गी आहे: चहा घेतला, कॉफी घेतली, दूध घेतलं. पण कंसात ‘पिणे’ होतं, ‘घेणे’ नव्हतं.

“मामा, ओळ,” भाची म्हणाली. तिच्या पेनाचं टोपण तोपर्यंत चावून झालं होतं. मी ओळ दिली: पिणे, शिकणे, विसरणे अशी काही क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात. तिने उत्तर लिहिलं, ‘प्यायले’. मी ‘प्यालो’ म्हणणार होतो, पण गप्प बसलो. प्यायलेली ती होती, मी नव्हे.

हे ध्यानात आलं म्हणून पहिल्या वाक्याकडे परत गेलो. ‘मी काल आजीकडे ____ (जाणे).’ ते सोपं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. जाणे अकर्मक, कर्तरी प्रयोग, क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे चालणार. पण ‘मी’ला लिंग कुठे दिसतं? इथे वाक्य कितीही हलवा, काही कळत नाही. कोण बोलतंय ते विचारावं लागतं. स्क्रीनशॉटच्या तळाशी नमुन्याचा तक्ता होता: मी गेलो, तू गेलास, तो गेला. कुठेही ‘गेले’ नाही, ‘गेलीस’ नाही, ‘गेली’ नाही. चौकटीत बसावं म्हणून कुणीतरी निम्मी माणसं वगळली होती, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. जागा कमी पडली असणार. पण वर्गात निम्म्या मुली असतील, आणि त्यातल्या प्रत्येकीला घरी आईसारखं ‘मी गेले’ म्हणून शाळेत ‘मी गेलो’ लिहायचंय. इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, तिथे ‘मी’चं क्रियापद कुणालाही चालतं. मराठीत क्रियापद तुम्हाला ओळखतं. हा मराठीचा मोठेपणा म्हणून मी जिथे तिथे सांगत असतो, आणि इथे नेमका तोच तक्त्यात बसत नव्हता. माझा आवाज बहुधा चढला असावा, कारण बहिणीने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, “काय झालं?”

भाचीने मला नियम विचारला नाही. तिने ‘गेले’ लिहिलं आणि पुढे स्वतःच्या अक्षरात एक ओळ: ‘कारण मी मुलगी आहे.’

माझ्याकडे दामले होते, तर्खडकरांचं १८३६ सालचं व्याकरण आठवत होतं, संस्कृतातली वाक्यं होती. एका ओळीत बसणारा नियम मात्र तिच्याकडे होता.

वही तपासून आली. फोटो पुन्हा मला, या वेळी ‘अर्जंट’शिवाय. पोळी बरोबर, चोर बरोबर. ‘प्यायले’वर एक प्रश्नचिन्ह. ‘गेले’ लाल शाईने खोडलेलं, वर ‘गेलो’. आणि शेजारच्या ‘कारण मी मुलगी आहे’ या नियमाला बरोबरची ठसठशीत खूण.

मी बहिणीला म्हटलं, शाळेला चिठ्ठी लिही. मसुदा मीच देतो. ती म्हणाली, “दादा, एक गुण आहे तो.” मी म्हटलं, एका गुणाचा प्रश्न नाही. तेवढ्यात तिच्या सासूबाईंनी फोन हातात घेतला. त्या कोल्हापूरच्या, ठाण्यात राहून इतकी वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच. त्यांनी फोटो मोठा करून लाल शाई वाचली.

“यात चुकलं काय?” त्या मला म्हणाल्या. “मी जन्मभर ‘गेलो’, ‘आलो’, ‘जेवलो’च म्हणतोय की. मग मी बाई न्हवं होय?”

यावर दामल्यांचं पान उघडायला मी मागे वळलो.

“चिठ्ठीबिठ्ठी काय नको,” सासूबाई नातीला वही परत देत म्हणाल्या. “बाई आमच्याकडच्याच दिसत्यात. नाव विचार त्यांचं.”