डोंबलाचं कूगल

३५ वर्षं मी पुण्यात इंग्रजी शिकवलं आणि त्या ३५ वर्षांत माझ्या इंग्रजीला कोणी हसलं नाही. हसायची टाप नव्हती, पेपर माझ्याकडेच तपासायला यायचे. निवृत्तीनंतर लेकीकडे न्यू यॉर्कला, क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सला चार महिने राहायला गेले आणि सगळी थकबाकी एकदम वसूल झाली.

शेजारच्या फ्लॅटमध्ये ८४ वर्षांच्या एक ज्यू आजी राहत. त्याही निवृत्त शिक्षिका. आईवडील पोलंडहून आलेले, म्हणून लहानपणी घरात यिडिश. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. घराणं जर्मनचं, लिपी हिब्रू, आणि शब्द हिब्रूपासून स्लाव्ह भाषांपर्यंत मिळेल तिथून उचललेले. आजींच्या इंग्रजीत हे शब्द फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडत. मला हेवा वाटला. जावयाच्या कपाटात लिओ रोस्टन यांचं १९६८ सालचं ‘द जॉइज ऑफ यिडिश’ सापडलं, ते तीन दिवसांत निम्मं संपवलं आणि शब्द पाठ केले.

खात्री करून घ्यावी म्हणून ठाण्याच्या माझ्या जुन्या बेने इस्रायली मैत्रिणीला फोन लावला. “तुमच्या यिडिशमध्ये हा शब्द कसा गं म्हणतात?”

“आमची कुठली आलीय यिडिश? आम्ही कोकणातले. पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीच. तू इतिहास-भूगोल कधी शिकवला नाहीस ते बरं झालं.”

तिथेच थांबायला हवं होतं.

पहिला शब्द काढला ‘chutzpah’. त्याचा उच्चार मला येत होता, कारण २०१४ सालचा ‘हैदर’ मी थिएटरात पाहिला होता. त्यात हा शब्द ‘चुत्स्पा’ असा म्हणतात, ‘अफ्स्पा’ कायद्याशी यमक जुळतं आणि उत्तर भारतातल्या एका शिवीलाही चाटून जातं. सिनेमाला ते शोभून दिसलं. मी मात्र तो प्रमाण उच्चार समजून अमेरिकेपर्यंत नेला.

आजींनी त्या दिवशी फोनवर तासभर हुज्जत घालून एक चुकीचं बिल रद्द करून घेतलं होतं. मी भारावून म्हणाले, “यू हॅव सच चुत्स्पा!”

“कुठला स्पा?” आजींनी विचारलं. “मालिश-बिलिश मला झेपत नाही.”

शेवटी कागदावर लिहून दाखवलं. आजींनी चष्मा चढवला, वाचलं आणि घशातून घासत आवाज काढला. तो ‘च’ नव्हे, आपला ‘ख’ही नव्हे. उर्दूवाले ‘ख़बर’ म्हणताना टाळूच्या मागे जी घासाघास करतात, ती. ख़ुट्स्पा. जोर पहिल्या अक्षरावर. ज्यांना घसा घासणं जमत नाही ते अमेरिकन सरळ ‘हुट्स्पा’ म्हणतात आणि तेही चालतं. मी दहा वेळा प्रयत्न केला. आजींनी पाणी आणून दिलं.

उच्चारापेक्षा मोठी चूक अर्थात होती. मला म्हणायचं होतं हिंमत. आजींनी तोच जुना विनोद सांगितला, जो या शब्दाची व्याख्या म्हणून सगळीकडे सांगतात. एकजण आईबापांचा खून करतो आणि न्यायाधीशापुढे हात जोडतो, ‘दया करा, मी पोरका आहे.’ ही ख़ुट्स्पा. मला एकदम शाळेतला फळा दिसला. चोर तो चोर, वर शिरजोर! हिंमत आहेच, पण लाज गुंडाळून ठेवलेली. “आताच्या इंग्रजीत कौतुकानंही म्हणतात,” आजी म्हणाल्या. “एखाद्या उद्योजकाबद्दल छापून येतं, त्याला राग येत नाही. पण माझी आई हा शब्द वापरायची तेव्हा पाठोपाठ हात उगारलेला असायचा. बिल त्यांचं चुकलं होतं. मी भांडले, त्यात ख़ुट्स्पा कसली? चूक माझी असती आणि वर मीच भरपाई मागितली असती, तर ती.”

दुसऱ्या शब्दाची वाट मी त्याच आठवड्यात लावली. ‘श्लेप’ म्हणजे ओढत, वाहत नेणं, किंवा स्वतःला ओढत कुठेतरी जाणं, एवढं पुस्तकात वाचलं होतं. मी आजींना प्रेमानं म्हटलं, “शुक्रवारी आमच्याकडे जेवायला श्लेप करा ना.” म्हणजे, ‘तंगडतोड करत, रडतखडत या.’ अंतर आठ पावलांचं. आजी म्हणाल्या, “इतकं वाईट जेवण करता का तुम्ही?” श्लेपमध्ये वजन किती यापेक्षा कुरकुर किती हे महत्त्वाचं. ती कुरकुर आपल्या स्वतःच्या पायपिटीबद्दल करायची. फार तर दुसऱ्यानं आपल्यासाठी पिशव्या वाहून आणल्या, तर ‘एवढं सगळं श्लेप करत आणलंत?’ म्हणून त्या कष्टांची कदर करायची. आमंत्रणात तो शब्द घालायचा नाही.

शुक्रवारी आजी आल्या. हातात काचेच्या भांड्यात कूगल, म्हणजे रुंद शेवया, अंडी, चीज, साखर आणि बेदाणे घालून भट्टीत भाजलेला एक प्रकार. आपली शेवयांची खीर कोरडी करून तिच्या वड्या पाडल्या तर जवळपास पोहोचेल. वरच्या शेवया करपून कुरकुरीत झालेल्या. ते मुद्दाम तसंच असतं, मी आधी हळहळले होते.

आता माझा हुकमी एक्का. यिडिशमधून इंग्रजीत आलेली एक लकब आहे. शब्द पुन्हा म्हणायचा, पण सुरुवातीला ‘श्म’ लावून. फॅन्सी-श्मॅन्सी. मी म्हटलं, ही तर आपलीच! चहाबिहा, पोळीबिळी. तेव्हा विहीणबाई, जावयाचे दोन साहेब आणि आजी यांच्यासमोर मी अगत्यानं सुरू झाले, “टी-श्मी घेणार? डिनर-श्मिनर नंतर.” कोणी काही बोलेना. मग मी कूगलचा घास घेतला आणि डोळे मिटून, मनापासून म्हणाले, “वा! कूगल-श्मूगल!”

लेकीनं टेबलाखालून पाय मारला. तो एका साहेबांना लागला.

आपल्या ‘बि’नं ताट मोठं होतं. चहाबिहा म्हणजे चहा आणि बरोबर जे काय असेल ते. ‘श्म’ त्या शब्दाची किंमतच काढून घेतो. ‘डॉक्टर-श्मॉक्टर’ म्हणजे डॉक्टर वगैरे नव्हे, डॉक्टर गेला उडत. मराठीत त्याचा जोडीदार ‘बि’ नाही, ‘डोंबलाचं’ आहे. म्हणजे दोन तास भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या बाईला, तिचाच पदार्थ तोंडात घोळवत, मी म्हणाले होते, ‘कसलं डोंबलाचं कूगल!’

आजी इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. त्यानंतर लेकीनं मला एक यादी दिली. त्यात ‘श’नं सुरू होणारा आणखी एक शब्द होता, त्यासमोर फक्त लाल फुली. जावयाला लाडानं बावळट म्हणायला मी तोच निवडून ठेवला होता. मूळ अर्थ पुरुषांच्या अवयवाचा, असं कळलं.

निघायच्या दिवशी लिफ्ट बंद पडली. माझ्या २३ किलोंच्या दोन बॅगा जावयानं चौथ्या मजल्यावरून एकेक करून खाली आणल्या. मी पर्स घेऊन पुढे उतरले होते. तो दुसरी बॅग घेऊन घामाघूम टेकला, तशी मी घड्याळ बघत म्हणाले, “किती रे वेळ! विमान थांबणार आहे का माझ्यासाठी?”

वरच्या कठड्यावरून आजी वाकून बघत होत्या. मराठी त्यांना येत नव्हतं, पण सूर कळला असावा. पूर्ण घसा घासून त्यांनी वरून तो शब्द सोडला आणि माझ्याकडे बोट केलं.