समोरचा गेल्यावर चॅटचे काय करावे : हमरापूरच्या कारखानदारांसाठी मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका हमरापूर, जोहे, कळवे आणि तांबडशेत येथील गणपती कारखानदारांसाठी आहे. ज्या व्यापाऱ्याने रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर ऑर्डर दिली आणि पुढे आपले खातेच डिलीट केले, त्याच्या चॅटसमोर बसून काय पाहावे, काय करावे आणि मुख्यतः काय करू नये, हे तीत सांगितले आहे. फोन हातात घ्यावा. त्याआधी हात पुसावेत, रंगाचे आहेत.

समजा, तुमच्या फोनमध्ये ‘नाशिक शेठ 2 फुटी’ या नावाने एक गृहस्थ आहेत. त्यांनी एप्रिलमध्ये दीडशे कच्च्या मूर्ती सांगितल्या, सिंहासनाचे तीन फोटो धाडले, सोंड आणि पितांबर यांविषयी दोन लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवले आणि इसार म्हणून वीस हजार युपीआयने दिले. जूनमध्ये तुम्ही लिहिले, ‘शेठ, माल तयार. गाडी कधी?’ त्याखाली करड्या रंगाची एकच टिकली आली आणि ती एकटीच राहिली.

घाबरून लगेच फोन लावू नये. आधी चॅट नीट पाहावी. नाव जसेच्या तसे असेल, कारण ते नाव व्हॉट्सॲपने दिलेले नाही, तुमच्याच फोनबुकातले आहे. नंबर सेव्ह केला नसता तर आता नुसते दहा आकडे दिसले असते. शेठ सोन्याची चेन घालून उभे असलेला फोटो मात्र गेलेला असेल आणि त्या जागी एक करडा माणूस असेल, आखणी राहिलेल्या मूर्तीसारखा, डोळेच नसलेला. नावाखालची ‘लास्ट सीन’ची ओळ नाहीशी झालेली असेल. बाकी सगळे जागच्या जागी असेल. फोटो, आवाज, ‘दादा भाव जरा बघा’, सगळे. जुन्या मेसेजखालच्या निळ्या टिकल्याही निळ्याच राहतील. शेठ गेले, पण त्यांनी वाचले होते ही नोंद गेली नाही.

इथे नवशिक्या कारखानदाराची चूक होते. तो म्हणतो, ‘मला ब्लॉक केलं.’ ब्लॉक केल्यावरही फोटो आणि लास्ट सीन दिसत नाही, टिकलीही एकच पडते, त्यामुळे लक्षणांवरून निदान करू नये. दोन जागा तपासाव्यात. पहिली म्हणजे दोघेही सदस्य असलेला ग्रुप. असे ग्रुप आपल्या भागात भरपूर आहेत आणि बहुतेकांत सकाळी फक्त फुलेच येतात. ब्लॉक करणारा माणूस ग्रुपमध्ये तसाच बसून असतो. खाते डिलीट करणारा सगळ्या ग्रुपांमधून आपोआप बाहेर पडतो आणि त्याने ग्रुप सोडल्याची ओळ तिथे ॲडमिनला दिसते. तुम्ही ॲडमिन नसाल किंवा ती ओळ फुलांखाली दबली असेल, तर ग्रुपच्या माहितीत गेल्या 60 दिवसांत बाहेर पडलेल्यांची यादी मिळते. पण माणूस रागावूनही ग्रुप सोडतो. म्हणून दुसरी जागा पाहावी : नवीन चॅट सुरू करायची यादी. तिथे शेठ तळाशी, व्हॉट्सॲप न वापरणाऱ्यांच्या रांगेत, ‘इन्व्हाइट’ अशा बटनासह उभे असतील, तर निदान पक्के. ते बटन दाबू नये. ज्याने आपला माल अडकवून ठेवला, त्याला आपणच आग्रहाचे निमंत्रण का द्यावे?

(त्यांनी फक्त नंबर बदलला असता, तर तशी सूचना बहुधा आली असती. फोन नुसता बंद असता, तर चेनवाला फोटो दिसत राहिला असता.)

आता थोडे समाधान. खाते डिलीट केल्यावर शेठच्या फोनवरचा सगळा इतिहास पुसला जातो. तुमच्या फोनमधली प्रत तुमची असते, तिला धक्का लागत नाही. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करून त्यांना आपला मेसेज तुमच्या फोनमधून काढता आला असता, पण त्यासाठी साधारण अडीच दिवसांचीच मुदत असते, आणि खाते असावे लागते. म्हणजे शेठने घाईत दार लावून घेतले आणि हिशेबाची वही तुमच्याकडे विसरले.

अपवाद तेवढे बघावेत. चॅटवर आपोआप गायब होणाऱ्या मेसेजचा टायमर लावलेला असेल, तर तो 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी आपले काम करतोच, कोणी राहो वा जावो. तो आजच बंद करावा. मात्र आधी आलेले मेसेज त्याने वाचत नाहीत, त्यांचे फोटो काढून ठेवावेत. दुसरे म्हणजे डेटा वाचवण्यासाठी तुम्ही न उतरवलेला फोटो. सिंहासनाचा तिसरा फोटो अजून धूसर आणि त्यावर खाली जाणारा बाण असेल, तर लगेच दाबून पाहावा. सर्व्हरवर असला तर उतरेल. नसला तर ‘पुन्हा पाठवायला सांगा’ असा सल्ला मिळेल. तो शांतपणे वाचावा.

यानंतर चॅट एक्स्पोर्ट करावी, मीडियासह. एक टेक्स्ट फाइल मिळते आणि सोबत फोटो व आवाज. अँड्रॉइडवर आवाजाच्या फाइलचे नाव `PTT-20250412-WA0007.opus` असे काहीसे असते. मधले आकडे म्हणजे तारीख, 12 एप्रिल 2025. पण टेक्स्ट फाइल कोणीही उघडून दीडशेचे पंधराशे करू शकतो, हे वकिलालाही ठाऊक असते. म्हणून मूळ फोन सांभाळावा. जालन्याच्या 2014च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नंतर, हा वाद व्हिडिओ चित्रणावर आला आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. 2020च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणाच्या मालकाने साक्षीला उभे राहून तेच उपकरण हजर केले, तर त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि प्रमाणपत्राची अट त्याच्या कलम 63 मध्येही आहे. तेव्हा तो फोन पुतण्याला गेम खेळायला देऊ नये. नवा घ्यायचाच झाला तर आधी बॅकअप घ्यावा, कारण शेठकडून परत मागवायची सोय उरलेली नाही. इसाराची खरी नोंद चॅटमधल्या स्क्रीनशॉटमध्ये नसून बँकेत आहे. तिचा 12 आकडी व्यवहार क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान 90 दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर देऊ शकतात. आणि व्हॉट्सॲपच्या लेखी चॅट माणसाची नसून नंबराची असते. म्हणून भाद्रपद उलटल्यावर एखाद्या दिवशी ‘नाशिक शेठ 2 फुटी’ या नावावर अचानक नवा फोटो दिसेल, बहुधा स्कूटीवर बसलेल्या एखाद्या मुलीचा. चॅटमध्ये सिक्युरिटी कोड बदलल्याची बारीक ओळही आलेली असू शकते. या क्षणी हर्ष आवरावा. ‘शेठ, कुठं होता इतके दिवस? मूर्ती तशाच पडल्यात’ असे लिहू नये. लिहिलेच तर ते त्याच जुन्या चॅटमध्ये, इसाराच्या स्क्रीनशॉटखाली जाईल, दोन टिकल्या पडतील, त्या निळ्याही होतील, आणि उत्तर येईल : ‘कोण तुम्ही? मी लातूरला असते.’

यावर नंबराचे नाव बदलून ‘लातूर, संबंध नाही’ असे सेव्ह करावे. मात्र त्याआधी एक्स्पोर्ट झाली आहे ना, ते तपासावे, कारण यापुढच्या प्रतीत शेठच्या ऑर्डरवरही तेच नाव छापून येईल.