फार्महाऊसवाल्यांसाठी आवळ्याचा मुरंबा

भोर किंवा वेल्ह्यात (सरकारदप्तरी आता राजगड तालुका) आपण नुकताच प्लॉट घेतला असेल, व्हरांड्यातून तोरणा दिसत असेल आणि शनिवारी दुपारी काय करावे हा प्रश्न पडला असेल, तर ही मार्गदर्शिका आपल्यासाठीच आहे. गावातल्या बायकांना तिची गरज नाही. त्या आवळे उकडून, वाळवून आवळकाठी करून ठेवतात आणि पुढच्या कामाला लागतात. मुरंबा हा सवड असलेल्यांचा उद्योग आहे.

पहिली चूक खरेदीतच करायची असते. चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळताना किंवा कापूरहोळहून भोरकडे जाताना कुणी रानआवळे विकताना दिसले, की नवशिक्या गाडी थांबवतो आणि ‘एकदम ऑरगॅनिक’ म्हणत पिशवी भरतो. रानआवळा चवीला उत्तम, पण तो लहान असतो, त्यात रेषा फार, आणि बी काढली तर हातात उरते काय? त्याचा किसून मोरावळा करा, लोणचे करा. अख्ख्या फळाचा मुरंबा करायचा तर कलमी झाडाचा मोठा आवळा लागतो, आणि तो बहुधा पुण्याच्या मार्केट यार्डातूनच इकडे येतो. ज्या पुण्यापासून आपण पळून आलात, तिथूनच आवळे आणावे लागतील, त्याला इलाज नाही. कार्तिकातल्या कोवळ्या हिरव्यागार आवळ्यांवर तुळशीचे लग्न लावावे. मुरंब्यासाठी थोडे थांबून, सालीवर पिवळट झाक आलेले, डाग नसलेले आवळे घ्यावेत. खाली पडून ठेचलेला आवळा उकळताना बरोबर त्या जागी फुटतो.

समजा, एक किलो आवळे आहेत. आता टोचणे. आवळ्याची साल मेणचट असते. त्यातून पाणी सहज बाहेर येत नाही आणि साखरही आत जात नाही. म्हणून भोके पाडायची, तीही सर्व बाजूंनी, बीला लागेपर्यंत. घरातले दाभण किंवा गंजका खिळा उचलू नका. आवळ्यातला तुरट अंश लोखंडाला लागला की काळा पडतो आणि मुरंबा शाईत बुडवल्यासारखा दिसतो. स्टीलचा काटा घ्या. प्रत्येक पाकळीवर तीन-चार वेळा खोल टोचा. वरवर गुदगुल्या केल्यासारखे टोचलेले आवळे पुढे दोन दिवसांनी सूड घेतात: बाहेरून गोड, बीपाशी पांढरे आणि तुरट.

मग चुना. पानाच्या टपरीवर मिळतो तो खायचा चुना. घर रंगवून उरलेला नव्हे. हे सांगावे लागते, कारण फार्महाऊसवर तो हमखास पडलेला असतो. सुपारीएवढा चुना दोन लिटर पाण्यात कालवा, तास-दोन तास स्थिर ठेवा आणि वरची निवळी अलगद ओतून घ्या. जास्त चुना घातल्याने काही साधत नाही. लिटरभर पाण्यात तो दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. या निवळीत आवळे रात्रभर बुडवून ठेवा. चुन्यातले कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला धरते, त्यामुळे पुढे तासभर पाकात शिजूनही आवळ्याचे पीठ होत नाही. भांडे स्टीलचे किंवा चिनी मातीचे असावे, ॲल्युमिनियमचे नको, चुना ते खातो. सकाळी चार-पाच पाण्यांनी आवळे धुवा. बोटांना बुळबुळीत लागेनासे झाले, की चुना गेला असे समजा. इथे आळस केलात तर पाहुण्यांना मुरंब्यात पानाची चव लागेल.

धुतलेले आवळे उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे टाका. सुरीचे टोक सहज शिरले आणि पाकळ्यांच्या रेषा नुसत्या उमटू लागल्या की ताबडतोब बाहेर काढा. पाकळ्या सुट्या झाल्या तर मुरंब्याचा नाद सोडा आणि जॅम करायचे ठरवले होते असे सांगा.

आता साखर, सव्वा किलो. इथे नवशिक्याला घाई होते. तो घट्ट पाक करतो, आवळे त्यात टाकतो आणि गॅस मोठा करतो. बाहेर दाट पाक आणि आत पातळ रस असला, की साखर आत शिरण्याआधीच फळातले पाणी बाहेर पळते. आवळा आक्रसतो, सुरकुततो, आणि मग कितीही शिजवा, तो फुगत नाही. म्हणून आवळे पुसून साखरेचे थर देऊन झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी साखरेचे आपोआप पाणी झालेले असेल. आवळे बाजूला काढा, नुसता पाक थोडा आटवा, कोमट झाला की आवळ्यांवर ओता. तिसऱ्या दिवशी पाक आणि आवळे एकत्र, मंद आचेवर.

तेवढ्यात ‘झालं का?’ अशी विचारणा होईल. उत्तर घड्याळात नाही, आवळ्यात आहे. एक आवळा चमच्यावर घेऊन खिडकीकडे किंवा मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. कच्च्या फळात पेशींच्या मधे हवा असते. तिच्यामुळे उजेड विखुरतो आणि गर पांढरट, अपारदर्शक दिसतो. हवेची जागा पाकाने घेतली की उजेड आरपार जातो, गर मधाळ दिसतो आणि आतल्या बीची काळसर आकृती उमटते. बीभोवती पांढरे कडे असेल तर आवळा अजून व्हायचा आहे. वरची साल चकाकली म्हणून भुलू नका.

पाक एकतारी हवा. थर्मामीटरची हौस असेल, तर पुस्तकातला आकडा इथे चालणार नाही. भोर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, पाणी 98 अंशांनाच उकळते. आधी आपल्या ओट्यावर नुसते पाणी उकळून मोजा आणि त्यावर पाच-सहा अंश चढले की आच बंद करा. तेव्हा पाकात साखर 70 टक्क्यांच्या जवळ असते.

आणि मग लगेच बरणी भरून पुण्याला निघू नका. रात्रीतून आवळा आणखी पाणी सोडतो, आणि काल एकतारी असलेला पाक सकाळी सरबत होतो. तो पुन्हा आटवावा लागतो. हे न केलेल्या बरणीत पंधरवड्याने बुडबुडे येतात, झाकण उघडताना फुस्स होते आणि आंबूस वास येतो. तो मुरंबा फेकायचा. उलट, जास्त आटवलात तर तळाशी साखरेचे खडे बसतात. ते चालतात, बरणी गरम पाण्यात ठेवली की विरघळतात.

रजा एक दिवस वाढवा.

महिनाभर मुरू द्या, मग पाहुण्यांना एकेक आवळा द्या आणि शेवटी वाट्या तपासा. बी चाटूनपुसून ठेवलेली असेल तर जमले. पाक संपून आवळा उरला असेल, तर पुढच्या वर्षी खोल टोचा.