आत्या, या रविवारी जमणार नाही

सांगलीत राहणाऱ्या माणसाला इतर गावांतल्या माणसांपेक्षा नातेवाईक जास्त असतात. याला कारण मिरज. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, त्यांच्यामागून डॉक्टरांची रांग लागली, आणि आता गुडघा, मणका, मोतीबिंदू असं काहीही झालं की आसपासचे चार जिल्हे मिरजेला येतात. मिरजेला येतात म्हणजे सांगलीत पाव्हण्याकडे उतरतात. माझी साताऱ्याची आत्या तर स्वतः ठणठणीत असतानाही येते. सोबत तिच्या अपार्टमेंटमधला कुणाचा तरी गुडघा असतो. "माझा भाचा आहे ना सांगलीत, नेईल की तो," असं तिनं जिन्यातच कबूल केलेलं असतं.

आत्या वाईट नाही, हे आधीच सांगतो. वाईट असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. वाईट माणसाला नाही म्हणायला काय लागतं? आत्या कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन येते, पाठीवरून हात फिरवते आणि मग काम सांगते. वर्षाची राजापुरी हळद, बेदाणे, भडंग हे तर किरकोळ. खरी कामं गाडीची असतात.

उदाहरणार्थ, गुरुवारी रात्री फोन येतो. "रविवारी गाडी घेऊन ये रे. औंधला यमाईला जाऊन येऊ." आता भूगोल बघा. सांगलीहून साताऱ्याला सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, तिथून आत्याला घेऊन औंधला चाळीसेक, परत तिला साताऱ्याला सोडायचं आणि मग आपण सांगलीला. देवीचं दर्शन आत्याला, घाटरस्त्याचं आणि हायवेचं मला. या प्रवासात पेठ नाक्यापर्यंत माझं आत्यावरचं प्रेम टिकतं. तासवड्याच्या टोलवर जुना हिशेब उघडतो. उंब्रजला मी स्वतःशी मोठ्यानं बोलायला लागतो. आणि साताऱ्यात शिरताना तोंडावर हसू चिकटवून दार वाजवतो. हो म्हणावं की नाही, याची माझी परीक्षा आता हीच आहे: मनातल्या मनात गाडी काढायची आणि आपण कुठल्या गावाला चिडतो ते बघायचं. चीड आलीच नाही, तर खुशाल जावं.

पण नाही म्हणायचं कसं? आपल्याकडे नाही म्हणायचं म्हणजे कारण सांगायचं, अशी रीत आहे. आणि आत्यासमोर कारण सांगणं म्हणजे तिला काम देणं. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय म्हटलं, तर "मग एसटीनं ये, इथून भाड्याची करू." मुलाची परीक्षा आहे म्हटलं, तर "त्यालाही आण, इथे शांतता आहे, अभ्यास होईल." बायकोला बरं नाही म्हटलं, की संपलंच: "अगंबाई! मीच येते चार दिवस." जे कारण सांगावं ते आत्या सोडवून देते, आणि अडचण सुटली म्हटल्यावर आपण कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

म्हणून कारणच द्यायचं नाही. वाक्य असं: "आत्या, या रविवारी मला जमणार नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी येतो, सकाळी नऊला दारात." यात दोन गोष्टी आहेत. जे द्यायचं नाही ते सरळ सांगितलंय, आणि जे द्यायचंय त्याला तारीख-वेळ लावलीय. "बघतो", "सांगतो", "प्रयत्न करतो" यांतलं काहीही तोंडून गेलं, तर आत्याच्या डायरीत ते होकार म्हणून नोंदलं जातं. शनिवारी रात्री तिच्या दशम्या बांधून तयार. आणि दुसऱ्या रविवारचा शब्द दिला असेल, तर तो पाळायचाच. तो मोडला, तर नंतरच्या प्रत्येक नाहीची किंमत जाते.

वाक्य बोलून झालं की गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो, टीव्हीवरची मालिका ऐकू येते, आणि ती शांतता भरून काढायला आपली जीभ कारणं घेऊन धावते. धावू द्यायची नाही.

मग आत्या ठेवणीतलं काढते. "तुझ्या बापाला मी कडेवर घेऊन फिरले रे." इथे वाद घालायचा नसतो, कारण ते खरंच आहे. "खरंय आत्या, तू फार केलंस त्यांचं. पण या रविवारी जमणार नाही." "मोठा झालास आता, आम्ही कोण तुझे!" "तुला तसं वाटत असेल. पण या रविवारी जमणार नाही." आवाज तोच, शब्द तेच. मॅन्युएल स्मिथ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७५ च्या आपल्या पुस्तकात ही युक्ती सांगितली आहे. अडकलेल्या तबकडीसारखं एकच वाक्य म्हणत राहायचं. त्यांना कुणी आत्या होती का, ते पुस्तकात नाही, पण असावी.

यानंतर कुमक येते. कऱ्हाडचा चुलतभाऊ फोन करतो, मग खुद्द आई. "आत्या रडत होती." आईशी आत्याचा खटला लढायचा नाही. "आई, हे मी आत्याशी बोललोय. तिला आणखी काही सांगायचं असेल तर मलाच फोन करू दे." निरोप्या बाजूला झाला की निम्मा गोंधळ मिटतो.

एक मात्र ध्यानात ठेवा: पहिल्या नकारानंतर त्रास कमी होत नाही, वाढतो. इतकी वर्षं जो उपाय चालला, तो चालेना झाला की माणूस तोच आणखी जोर लावून करून बघतो. दिवसाला एक फोन होता तिथे तीन येतात. सगळे इथेच ढेपाळतात, आणि पाचव्या फोनला "बरं, येतो" म्हणून टाकतात. म्हणजे आत्याला कळतं की चार फोन वाया जातात, पाचवा लागू पडतो. पुढच्या वेळी ती पाचाची तयारी ठेवूनच बसते. यायचंच असेल, तर पहिल्या फोनलाच हो म्हणावं.

आणि स्वार्थी वाटणं? ते वाटतंच. फोन ठेवल्यावर पोटात खड्डा पडतो. पण खड्डा पडला म्हणजे आपण पाप केलं असं नव्हे. इतकी वर्षं न केलेली गोष्ट केली, एवढाच त्याचा अर्थ. मी त्यावर एक रेघ आखून ठेवलीय, आणि ती आत्याला आधीच, भांडण नसताना सांगितलीय: "तुझं दवाखान्याचं असेल, तर रात्री दोनला फोन कर, मी निघतो." तिच्या मोतीबिंदूला मी रजा टाकून बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो, आणि उंब्रजची आठवणही झाली नव्हती. जिन्यातल्या गुडघ्यांसाठी वाक्य निराळं: "त्यांना डॉक्टरांचं नाव आणि ओपीडीची वेळ कळवतो. नेणं-आणणं त्यांच्या मुलांनी बघावं." यावर त्या गुडघ्यांना एकूण किती मुलं आहेत ते आम्हा दोघांनाही पहिल्यांदाच कळलं.

औंधचं काय झालं? आत्या एसटीनं गेली. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, भिशीतल्या तिघी मिळाल्या, आणि दिवसभर त्यांनी माझ्यावर जे तोंडसुख घेतलं, ते मी गाडी चालवत असताना घेता आलं नसतं. परवा तिचा फोन आला. "दुसऱ्या रविवारी येऊ नकोस, आम्ही चौघी पालीला खंडोबाला चाललोय. हळद तेवढी कुरियर कर, पाच किलो. त्या तिघींनाही पाहिजे."

"पाच जमणार नाही आत्या. तुझी दोन किलो पाठवतो, सोमवारी."

"का रे?"

कारण होतं. खरं होतं, आणि कुणालाही पटेल असं होतं. मी मालिकेतलं पार्श्वसंगीत ऐकत बसलो.