पुरवठादाराला आठवण करून देण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब बघता बघता आम्ही हे शास्त्र सिद्ध केले. जनहितार्थ विनामूल्य देत आहोत.

प्रकरण असे. २२ ऑगस्ट २०२५ चे बेअरिंगचे बिल. मूळ रक्कम १,००,०००, त्यावर ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे, म्हणजे १,१८,०००. माल आला, पैसे गेले. १४ सप्टेंबरला टू-बी उघडले तर बिलाचा पत्ता नाही. टू-बीत नाही म्हणजे क्रेडिट नाही, आणि थ्री-बी भरताना ते १८,००० आपल्या खिशातून. पूर्वी सरकार आपल्यावर थोडा विश्वास टाकायचे. न दिसणाऱ्या बिलांचे क्रेडिट दिसणाऱ्यांच्या २० टक्क्यांपर्यंत घेता यायचे. मग ते १० वर आले, मग ५ वर. १ जानेवारी २०२२ पासून विश्वास शून्यावर स्थिर आहे.

अशा वेळी नवशिके थेट फोन लावतात. लावू नये. पलीकडून "आमच्याकडून गेलंय, तुमचंच तपासा" एवढे ऐकू येते आणि आपण निरुत्तर होतो. आधी जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये पुरवठादार शेठचा नंबर टाकावा, कॅप्चा ओळखावा आणि फाइलिंगचा तक्ता उघडावा. लॉगिनसुद्धा लागत नाही. शेठनी कोणते रिटर्न कोणत्या तारखेला भरले ते सगळे उघड्यावर असते.

तक्त्यात ऑगस्टचे जीएसटीआर-१ नसेल तर तो बुडव्या आहे असे लगेच समजू नये. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तो तिमाहीवाला असू शकतो. पहिल्या दोन महिन्यांची बिले १३ तारखेपर्यंत चढवायची सोय त्याला असते, सक्ती नसते. त्याचे ऑगस्टचे बिल रीतसर १३ ऑक्टोबरपर्यंत येईल आणि १४ ऑक्टोबरच्या टू-बीत दिसेल. तोवर रोज सकाळी "काय झालं?" विचारल्याने फक्त आपला नंबर ब्लॉक होतो.

आमच्या शेठचे मात्र रिटर्न भरलेले होते, वेळेवर, आणि बिल नव्हते. हा खरा प्रगत प्रकार. त्यांच्या टॅली चालवणाऱ्या मुलाने आमचा जीएसटी नंबर टाकलाच नाही, म्हणून बिल बीटूसीत, म्हणजे किरकोळ गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यात गेले. शेठनी कर भरला, सरकारला मिळाला, पण लाखाची बेअरिंगे घेऊन गेलेला तो वाटसरू कोण, हे कुणालाच माहीत नाही.

आता आठवण. "कृपया लक्ष घालावे" लिहिले की शेठ लक्ष घालतात आणि त्याच बिलाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर परत पाठवतात, सोबत हात जोडलेला इमोजी. त्यांच्या मते अपलोड म्हणजे हेच. म्हणून मजकूर असा असावा:

"शेठ, नमस्कार. तुमचं २२ ऑगस्टचं बिल आमच्या टू-बीत नाही. तुमचं जीएसटीआर-१ भरलेलं दिसतंय, पण बिल बहुतेक बीटूसीत पडलंय. तिथून रक्कम कमी करून पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये बीटूबीला टाकायला सीएंना सांगा. बिल नंबर आणि तारीख मूळचीच. आमचा जीएसटी नंबर खाली दिलाय."

नंबर टाइप करूनच द्यावा. फोटो दिला तर बी चा आठ होतो, पोर्टल तो नंबर नाकारते आणि बिल पुन्हा किरकोळ गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यात जाते. निरोप ५ तारखेच्या आसपास जावा. ११ तारखेला जीएसटीआर-१ ची मुदत संपते आणि १२ तारखेची आठवण ही पुढल्या महिन्याची आठवण असते. एक निरोप शेठना, तोच त्यांच्या सीएच्या ऑफिसातल्या त्या मुलीला जी प्रत्यक्ष रिटर्न भरते. काम तिथे होते. शेठ फक्त "झालं समजा" म्हणतात.

तरीही हलले नाहीत, तर पुढच्या बिलाची मूळ रक्कम द्यावी आणि कर रोखून ठेवावा. हे खरेदी ऑर्डरमध्येच लिहिलेले बरे, म्हणजे ऐनवेळी नाती आडवी येत नाहीत. पण बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत करासकट पूर्ण पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासकट परत करावे लागते, तेव्हा रुसवा बेताने धरावा. शेठच्या "होईल हो, घाई काय"लाही शेवट आहे. २०२५-२६ च्या बिलाचे क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच, वार्षिक रिटर्न त्याआधी भरले तर तेवढेही नाही. नंतर ते १८,००० आपल्या खर्चात बेअरिंगांशेजारी जाऊन बसतात.

एखाद्या १४ तारखेला बिल टू-बीत उगवते. ऑफिसात आरडाओरडा करण्यापूर्वी ओळ उघडून पाहावी. तुर्भ्याला रबाळ्याहून आलेल्या मालावर ९,००० आणि ९,००० हवेत. आमच्या शेठनी एकरकमी १८,००० आयजीएसटी लावला होता.