एक चांदणी

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूची समीक्षा लिहायची, तर वस्तू आधी हातात पडावी लागते. तोवर ॲपमधल्या त्या पाच चांदण्या करड्या राहतात आणि बोट दाबून दुखलं तरी उजळत नाहीत. म्हणजे ज्याला माल मिळाला, तोच बोलणार. ज्याला मिळालाच नाही, त्याचं मत विचारात घेण्याइतकं महत्त्वाचं नाही. म्हणूनच ती दुकानं इतकी चांगली दिसतात. माझी समीक्षा त्यामुळे इथे छापून घेतो आहे.

वस्तू : पितळी सोऱ्या, सहा चकत्यांसह. किंमत ८४९ रुपये, आगाऊ भरलेले. मागणी नोंदवली ३ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोचवण्याचं वचन ८ ऑक्टोबरचं. वसुबारस १७ला. आमच्या आईच्या हिशेबाने चकल्यांना नऊ दिवस मोकळे होते. आईने भाजणी दळून आणली आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.

सोऱ्या भिवंडीहून निघाला. तिथून पुणे आणि पुण्याहून सातारा, असा सरळ रस्ता. कोजागिरीच्या रात्री दूध आटवता आटवता मी फोन पाहिला, तर सोऱ्या कोल्हापूरला! पुण्याहून कोल्हापूरला जाणारा ट्रक साताऱ्यावरूनच जातो. म्हणजे आमची वस्तू आमच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवरून, हमरस्त्याने, हात न हलवता पुढे गेली. अंबाबाईचं दर्शन घेऊन प्रसादाला थांबली असावी, कारण तिथे ती तीन दिवस होती.

हे कसं होतं, ते नंतर कळलं. लहान पार्सलं सुटी जात नाहीत. एका गावची सगळी एका मोठ्या पोत्यात भरतात, पोत्याला सील लावतात आणि पुढे वाटेत फक्त पोत्याची नोंद होते. साताऱ्याचा पिनकोड ४१५ने सुरू होतो, कोल्हापूरचा ४१६ने. माझं पार्सल शेजारच्या पोत्यात पडलं असेल, तर ते पोतं कोल्हापुरात उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. चूक माणसाची आहे, मोठी नाही, आणि मी ती मनापासून माफ केली होती. त्या क्षणी समीक्षा मागितली असती तर तीन चांदण्या दिल्या असत्या.

८ तारखेला ॲपने वचन बदललं. कसं? जुनी तारीख पुसून तिथे १४ लिहिलं. ‘उशीर’ हा शब्द कुठेही नाही. मी जुन्या तारखेचं छायाचित्र फोनमध्ये काढून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मलाच वाटलं असतं की पहिल्यापासून १४च होतं. (वाचकहो, मागणी नोंदवली की ते पान तेव्हाच टिपून ठेवा. ही या लेखातली एकमेव फुकट घरपोच सेवा.)

१४ला मंगळवारी सोऱ्या ‘वाटपासाठी बाहेर’ पडला. आई सकाळी नऊपासून ओसरीवर, फाटकाकडे तोंड करून बसली. शनिवार पेठेतलं आमचं घर असं आहे की मांजर आलं तरी फाटक करकरतं. फाटक करकरलं नाही. रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी संदेश आला : ‘ग्राहक घरी उपलब्ध नव्हते.’

१५ला तेच. १६ला मात्र मजकूर सुधारला : ‘ग्राहकाच्या विनंतीवरून तारीख पुढे ढकलली.’ विनंती! मी तर फोनवर पार्सल आणणाऱ्या मुलाला म्हणालो होतो की बाबा रे, ये. तो म्हणाला होता, “काका, आज पंच्याण्णव नग आहेत. पेठेत गाडी वळत नाही. स्टँडवर येता का?” मी निघेपर्यंत त्याचा फोन बंद.

त्या मुलावर माझा राग नाही. त्यानेच दुसऱ्या दिवशी सांगितलं की माल पोचला तर नगामागे पैसे. नाही पोचला तर यंत्रात कारण निवडल्याशिवाय दिवस बंद होत नाही. कारणांच्या त्या यादीत ‘वेळ पुरला नाही’ असं कारणच नाही. जे आहेत त्यांतलं प्रत्येक कारण ग्राहकाचं आहे : घर बंद, पत्ता अपुरा, फोन उचलला नाही, तारीख मागितली. तीन खेपा झाल्या की माल आपोआप परतीला लागतो. वसुबारसेच्या सकाळी आमचा सोऱ्या भिवंडीला निघाला. या खेपेला कोल्हापूरला न जाता.

आता प्रयत्न. गप्पांच्या खिडकीत चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि ‘४८ तास द्या’. जुना क्रमांक बंद झाला की ४८ तास पुन्हा पहिल्यापासून. शेवटी १७लाच त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल लिहिली. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव संकेतस्थळावर द्यावं लागतं, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं. पोच ४८ सेकंदांत आली. यंत्राने पाठवली होती. निवारणाला महिना आहे, आणि दिवाळी दरवर्षी येते.

भाऊबीज उरकल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या बाईंनी मराठीत, शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि मला आजवर कुणी न विचारलेला प्रश्न विचारला : “तुम्हाला नक्की काय हवंय?”

मी गडबडलो. महिनाभर मी तक्रारच सांगत होतो, मागणी सांगितलीच नव्हती. तर ती अशी. एक : ८४९ रुपये, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात. त्यांच्या ॲपमधल्या पाकिटात नकोत. त्या पैशांनी पुन्हा त्यांच्याकडूनच सोऱ्या मागवायचा, आणि तो पुन्हा कोल्हापूर पाहणार. माल विक्रेत्याकडे पोचेपर्यंत थांबा, हेही नको. परत मी पाठवलेला नाही. दोन : ‘ग्राहकाच्या विनंतीवरून’ ही नोंद खोडावी.

पहिलीबद्दल बाई म्हणाल्या, होईल. नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. दुसरी ऐकून त्या थोड्या थांबल्या. “तशी मागणी कुणी करत नाही,” म्हणाल्या.

दिवाळी झाली. शेजारच्या काकूंचा सोऱ्या आणला, पण त्यांची चांदणीची चकती हरवलेली. मग शेव केली. भाजणीची चकली चांदणीवाचून होत नाही. दुसऱ्या चकतीतून काढली तर काटे येत नाहीत आणि काट्यांवाचून ती चकली नव्हे, असं आई म्हणते. म्हणून समीक्षेत त्यांना एक चांदणी देतो. तीही त्यांच्याकडेच आहे, भिवंडीच्या वाटेवर, पितळेची.

काल पैसे आले, खात्यातच. मी आईला म्हटलं, सुटलो, आता तक्रार मागे घेऊ.

“आणि त्या नोंदीचं काय?” आई म्हणाली. “तीन दिवस मी ओसरीवर बसले होते. घरी कुणी नव्हतं म्हणे. त्यांना लिही, मी होते.”